चौदा मार्कांचं उत्तर बत्तीस मिनिटांत

प्रश्न: "सोलापुरात एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रोजेक्ट मॅनेजमेंटचा पेपर 70 मार्कांचा, तीन तासांचा, 14 मार्कांचे पाच प्रश्न. मागच्या वेळी सगळं येत असूनही 31 पडले. पहिल्या दोन प्रश्नांना आठ-आठ पानं लिहिली आणि पाचवा प्रश्न राहूनच गेला. लिहायचा स्पीड कसा वाढवू? आणि मोठ्या उत्तरात हेडिंग नेमकी कोणती द्यायची?"

स्पीडचा विचार आधी डोक्यातून काढा. तीन तासांत तुम्ही आठ-आठ पानांची दोन उत्तरं लिहून वर आणखी दोन प्रश्न सोडवलेत, म्हणजे हात भरपूर पळतोय. साध्या हाताला एक पान भरायला सहा-साडेसहा मिनिटं लागतात. त्या हिशेबाने पहिल्या 28 मार्कांवर तुमचे पावणेदोन तास गेले आणि उरलेल्या 42 मार्कांच्या वाट्याला जेमतेम सव्वा तास आला. तुमचा हात आणखी पळाला असता तर पहिल्या प्रश्नाला दहा पानं झाली असती, पाचवा तरीही राहिलाच असता.

माझं थोडं सांगतो, म्हणजे मी कुठून बोलतोय ते कळेल. आधी काही वर्षं बांधकामाच्या साइटवर प्लॅनिंगचं काम केलं, नंतर सोलापुरातच हा विषय शिकवायला लागलो आणि बरीच वर्षं पेपर तपासतोय. मे महिन्यात, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री असताना, पंख्याखाली गठ्ठे घेऊन बसणाऱ्यांपैकी मी एक. तिथे काय होतं ते बघा. समोर प्रश्नपत्रिकेसोबत आलेलं आदर्श उत्तर असतं आणि त्यात मार्कांची फोड असते: व्याख्येला इतके, आकृतीला इतके, आकडेमोडीला इतके, निष्कर्षाला इतके. उत्तरपत्रिकेत मी त्या जागा शोधत असतो. जागा सापडली की मार्क पडतो. एकाच जागेवर तुम्ही तीन पानं लिहिलीत तरी तिथला मार्क एकदाच मिळतो. आठ पानांच्या उत्तराला 14 पैकी 7 देताना मलाही बरं वाटत नाही, पण त्या आठ पानांत मार्काच्या जागा दोनच असतील तर मी तरी काय करणार?

दुसरी गोष्ट लिहून ठेवा. कोऱ्या प्रश्नाला शून्य. त्याच प्रश्नाला बारा मिनिटांत व्याख्या, एक आकृती आणि चार मुद्दे लिहिलेत तर पाच-सहा मार्क सहज जमतात. लिहून झालेल्या उत्तरात 9 चे 11 करायला मात्र तेवढाच वेळ घालूनही जमेल याची खात्री नसते. म्हणून पाचही प्रश्नांना हात लागला पाहिजे, हा पहिला नियम. बाकीचं सगळं त्यानंतर.

आता काही गोष्टी परिस्थितीवर आहेत. तुमचा पॅटर्न बदलला, पेपर अडीच तासांचा झाला किंवा त्यात बहुपर्यायी प्रश्न आले, तर खालचे आकडे नव्याने काढावे लागतील. पद्धत तीच राहील. काही परीक्षक आकडेमोडीत पायरीला मार्क देतात, काही जण अंतिम उत्तराकडे जास्त बघतात. कोण भेटेल ते आपल्या हातात नाही. काही विद्यापीठं उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायला देतात. तिथे एच पेन्सिलने काढलेली फिकट आकृती जवळपास दिसतच नाही, म्हणून आकृतीला एचबी किंवा टूबी वापरा आणि नावं पेनाने लिहा.

घड्याळ

तीन तास म्हणजे 180 मिनिटं. पहिली 10 वाचायला आणि प्रश्न निवडायला, शेवटची 10 तपासायला आणि पुरवणी बांधायला. राहिली 160. त्याला 70 ने भागलं की एका मार्काला सव्वादोन मिनिटांहून किंचित जास्त पडतात. 14 मार्कांना 32 मिनिटं, 7 मार्कांच्या उपप्रश्नाला 16. पेपर साडेदहाला सुरू होत असेल तर उत्तरं सुरू करायच्या वेळा अशा पडतात: 10:40, 11:12, 11:44, 12:16, 12:48. पाचवं उत्तर 1:20 ला संपतं. या पाच वेळा उत्तरपत्रिकेच्या शेवटच्या पानावर कच्च्या कामात लिहा. प्रश्नपत्रिकेवर लिहू नका, बहुतेक ठिकाणी त्यावर बैठक क्रमांकाशिवाय काही लिहायला मनाई असते आणि पर्यवेक्षकाशी हुज्जत घालण्यात पाच मिनिटं जातात.

11:12 वाजले आणि पहिलं उत्तर अर्धंच आहे, तर काय करायचं? चालू वाक्य संपवा, खाली अर्धं पान कोरं सोडा आणि दुसऱ्या प्रश्नाकडे वळा. हे सांगायला सोपं आहे, करताना जिवावर येतं. मी स्वतः विद्यार्थी असताना एका पेपरात नेटवर्क डायग्रॅमचा बाण जुळेना म्हणून पन्नास मिनिटं एकाच प्रश्नावर काढली. बाण शेवटी जुळला, आणि तोंडपाठ असलेली दोन उत्तरं अर्धवट राहिली. कोरी जागा सोडायचा फायदा असा की शेवटच्या दहा मिनिटांत परत येऊन तिथेच लिहिता येतं. "उर्वरित उत्तर पान 27 वर" अशी तळटीप परीक्षकाच्या नजरेतून सुटू शकते.

32 मिनिटांत किती पानं बसतात हे तुमच्या हातावर आहे. घरी घड्याळ लावून दहा मिनिटं लिहा आणि ओळी मोजा. सांगाड्याची आणि आकृतीची मिनिटं वजा केली की बहुतेकांची 32 मिनिटांत साडेतीन ते चार पानं होतात. तेवढीच तुमची जागा. आता त्या चार पानांत काय घालायचं याकडे येऊ, खरा घोळ तिथेच आहे.

एक प्रश्न पूर्ण सोडवून बघू

हा प्रश्न मी वर्गात चाचणीला देतो. "अर्न्ड व्हॅल्यू ॲनॅलिसिस ही संकल्पना स्पष्ट करा. एका टॉवेल कारखान्याच्या नव्या शेडचं एकूण बजेट 20 लाख रुपये आणि मुदत 10 महिने आहे. पाचव्या महिन्याअखेर नियोजनानुसार 50 टक्के काम व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात 40 टक्के झालं आणि खर्च 9 लाख झाला. प्रकल्पाची सद्यःस्थिती काढा, त्यावर भाष्य करा आणि प्रकल्प व्यवस्थापक म्हणून कोणती पावलं उचलाल ते लिहा." मार्क 14, फोड दिलेली नाही.

फोड दिलेली नसली की क्रियापदं मोजायची. स्पष्ट करा, काढा, भाष्य करा, पावलं लिहा. चार कामं आहेत. मी प्रश्न काढणारा असतो तर संकल्पनेला 4, आकडेमोडीला 5, भाष्याला 3 आणि पावलांना 2 ठेवले असते. दुसरा कोणी 3, 6, 3, 2 ठेवेल. फरक एखाद्या मार्काचा, त्यात अडकू नका. महत्त्वाचं हे की चारही कामांना उत्तरात स्वतंत्र, डोळ्यांना दिसणारी जागा हवी. पहिली तीन मिनिटं याच सांगाड्याला द्या: शेवटच्या पानावर चार शब्द, त्यांच्यापुढे अंदाजे मार्क आणि मिनिटं. संकल्पना 8 मिनिटं, आकडेमोड 12, भाष्य आणि पावलं मिळून 8, शेवटचं एक मिनिट नजर फिरवायला.

आता हेडिंग. वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांची हेडिंग ठरलेली असतात: इंट्रोडक्शन, मीनिंग, डेफिनिशन, फीचर्स, ॲडव्हान्टेजेस, डिसॲडव्हान्टेजेस, कन्क्लूजन. हा साचा मार्केटिंगला, एचआरला, प्रोजेक्ट मॅनेजमेंटला, सगळीकडे सारखाच चालवतात. वरच्या प्रश्नात फायदे विचारलेत का? तोटे? नाही ना. तरी मला दर चाचणीत फायद्या-तोट्यांचं दीड पान मिळतं. एका मुलाने तर 1967 साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याने खर्च आणि वेळापत्रकाच्या नियंत्रणासाठी 35 निकष कसे ठरवले याचा पाऊण पानाचा इतिहास लिहिला होता. माहिती बरोबर होती. पण तिला आदर्श उत्तरात जागाच नव्हती. संकल्पनेत एका ओळीत ती आली असती तर शोभली असती.

म्हणून हेडिंग प्रश्नातून उचला आणि शक्य तिथे उत्तरच हेडिंगमध्ये घाला. या प्रश्नाला मी ही चार देईन: "अर्न्ड व्हॅल्यू: अर्थ आणि तीन मूळ आकडे", "पाचव्या महिन्याअखेरची आकडेमोड", "सद्यःस्थिती: काम मागे, खर्च जास्त" आणि "व्यवस्थापकाची पावलं". तिसरं हेडिंग बघा. परीक्षकाने खालचा परिच्छेद वाचायच्या आधीच त्याला तुमचा निष्कर्ष कळतो, आणि तो बरोबर असल्याचंही कळतं. पेपर इंग्रजीत लिहिणार असाल तर हीच चार इंग्रजीत लिहा. हेडिंग पेनानेच, खाली एक साधी रेघ. रंगीत स्केचपेनांच्या नादाला लागू नका. वेळ जातो, शिवाय काही परीक्षांत निळ्या-काळ्याशिवाय दुसरी शाई चालत नाही.

पहिल्या भागात तीन वाक्यं आणि एक आकृती. आजच्या तारखेपर्यंत जेवढं काम व्हायला हवं होतं त्याची बजेटमधली किंमत म्हणजे प्लॅन्ड व्हॅल्यू. जेवढं काम खरंच झालं त्याची बजेटमधली किंमत म्हणजे अर्न्ड व्हॅल्यू. त्या झालेल्या कामावर खिशातून गेलेला पैसा म्हणजे ॲक्च्युअल कॉस्ट. "बजेटमधली किंमत" हे शब्द पहिल्या दोन्ही व्याख्यांत आलेच पाहिजेत. ते सुटले की परीक्षकाला शंका येते, आणि ती शंका पुढे आकडेमोडीत खरी ठरते.

आकृती म्हणजे आडव्या अक्षावर महिने, उभ्या अक्षावर लाख रुपये आणि तीन वक्र. पुस्तकातली निनावी आकृती काढण्यापेक्षा प्रश्नातलेच आकडे तिच्यात घाला: पाचव्या महिन्यावर एक उभी तुटक रेघ, तिच्यावर सर्वांत वर 10, मधे 9, खाली 8. तीन मिनिटांचं काम. एकाच आकृतीत संकल्पनाही दिसते आणि सद्यःस्थितीही. आडवी-उभी साताठ सेंटिमीटर पुरे, पण अक्षांना नावं हवीतच. नावाविना अक्ष असतील तर मी आकृतीचा अर्धा मार्क कापतो, बाकीचेही कापत असावेत.

दुसरा भाग आकडेमोडीचा. आधी दिलेली माहिती एका ओळीत, मग सूत्र, मग किंमत घालून उत्तर. प्रत्येक सूत्र नव्या ओळीवर. PV, EV आणि AC म्हणजे वरचे तीन मूळ आकडे, CV आणि SV म्हणजे खर्चातला आणि वेळेतला फरक, CPI आणि SPI म्हणजे खर्चाचा आणि वेळेचा निर्देशांक, BAC म्हणजे एकूण बजेट आणि EAC म्हणजे शेवटी पडणारा अंदाजित खर्च:

```
PV = 50% × 20 = 10 lakh
EV = 40% × 20 = 8 lakh
AC = 9 lakh
CV = EV - AC = 8 - 9 = -1 lakh
SV = EV - PV = 8 - 10 = -2 lakh
CPI = EV / AC = 8 / 9 = 0.89
SPI = EV / PV = 8 / 10 = 0.80
EAC = BAC / CPI = 20 / (8/9) = 22.5 lakh
```

पाठांतरासाठी एक गंमत सांगतो: फरकाची वजाबाकी असो की निर्देशांकाचा भागाकार, अर्न्ड व्हॅल्यू नेहमी आधी येते. हे लक्षात ठेवलं की चिन्ह चुकत नाही. फरक उणे आला किंवा निर्देशांक एकापेक्षा कमी आला की परिस्थिती वाईट. शेवटच्या ओळीत मी 0.89 ऐवजी 8/9 तसंच ठेवलंय, तेही बघा. राउंड ऑफ केलेल्या 0.89 ने भागलं तर 22.47 येतं. ते चूक धरत नाहीत, पण 22.5 नीट बसतं आणि तपासणाऱ्याच्या कागदावरच्या आकड्याशी जुळतं.

मध्येच कुठे अडलात तर? सूत्र लिहा, किंमत घाला, पुढच्या ओळीवर जा. प्लॅन्ड व्हॅल्यू चुकली पण पुढची पद्धत बरोबर असेल तर मी पुढच्या पायऱ्यांचे मार्क देतो. सूत्रच लिहिलं नसेल, नुसता चुकीचा आकडा असेल, तर द्यायची इच्छा असूनही देता येत नाही.

मार्क खरे जातात ते भाष्यात

आता ती चूक, जी मी दर वर्षी बघतो. मुलं 10 आणि 9 शेजारी ठेवतात आणि लिहितात, "नियोजित खर्च 10 लाख होता, प्रत्यक्ष 9 लाख झाला, म्हणजे 1 लाखाची बचत झाली." झालं. अख्खी संकल्पना जी चूक टाळायला जन्माला आली, तीच चूक तिच्या उत्तरात. 9 लाख खर्च झाले ते 10 लाखांच्या कामावर नाही, 8 लाखांच्या कामावर. काम कमी झालं म्हणून खर्च कमी दिसतोय. साइटवर हे रोज दिसायचं. मालक बँकेचं पासबुक बघून खूश, आणि इकडे पत्र्याचं छत अजून ट्रकमधून उतरलेलंही नाही.

भाष्यात म्हणून तीन गोष्टी स्पष्ट लिहा. एक, खर्चाचा निर्देशांक 0.89 आहे, म्हणजे खर्च केलेल्या प्रत्येक रुपयामागे 89 पैशांचंच काम मिळतंय. दोन, वेळेचा निर्देशांक 0.80 आहे, म्हणजे ठरलेल्या कामाच्या 80 टक्केच काम झालंय. तीन, हाच वेग राहिला तर शेड 22.5 लाखांना पडेल, म्हणजे अडीच लाख जास्त. नुसतं "प्रकल्प ओव्हर बजेट आणि बिहाइंड शेड्यूल आहे" एवढ्यावर थांबलात तर तीनपैकी एकच मार्क मिळतो.

इथे एक पायरी वर जाता येतं, आणि चांगल्या पेपरातला फरक तिथे दिसतो. 22.5 लाखांच्या आकड्यात एक गृहीतक लपलंय: आतापर्यंत जशी गळती झाली तशीच पुढेही होणार. दरवेळी तसं असतंच असं नाही. समजा पाचवा महिना जानेवारीत पडला, गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत गवंडी आणि मजूर आठवडाभर आले नाहीत आणि भाड्याने आणलेली यंत्रं नुसती उभी राहिली. खर्च वाढला, काम झालं नाही. पण यात्रा संपली की कारणही संपलं. अशा वेळी राहिलेलं 12 लाखांचं काम 12 लाखांतच होईल असं धरून 9 अधिक 12, म्हणजे 21 लाख असा अंदाज काढतात. उलट लोखंडाचा दर वाढून तिथेच राहिला असेल तर पुढचं प्रत्येक टन महागच पडणार, तिथे 22.5 योग्य. उत्तरात दोन्ही आकडे लिहा आणि कोणता कधी घ्यायचा ते एका वाक्यात सांगा. याला दोन मिनिटं लागतात. प्रश्नात कारण दिलेलं नाही, म्हणून "कारण कायम राहील असं गृहीत धरून 22.5 लाख" असं लिहिलं की परीक्षकाला बोट ठेवायला जागा राहत नाही.

जागा उरली तर मर्यादेची एक ओळही भाष्यात शोभते. वेळेचा फरक इथे रुपयांत येतो, दिवसांत नाही. आणि मागे पडलेलं काम क्रिटिकल पाथवर, म्हणजे लांबलं की अख्खा प्रकल्प लांबवणाऱ्या कामांच्या साखळीत, आहे की नाही हे ही पद्धत सांगत नाही. शिवाय प्रकल्प कितीही उशिरा संपला तरी शेवटी अर्न्ड व्हॅल्यू पूर्ण बजेटइतकी होते आणि वेळेचा निर्देशांक 1 वर येऊन बसतो, म्हणून शेवटच्या टप्प्यात त्याच्यावर विसंबता येत नाही. काही मुलं 10 महिने भागिले 0.80 करून साडेबारा महिने काढतात. ढोबळ अंदाज म्हणून चालेल, पण तो ढोबळ आहे हे लिहा.

पावलांत "टीमला मोटिव्हेट करीन, कम्युनिकेशन सुधारीन" असं लिहू नका. हे वाक्य कुठल्याही प्रकल्पाला लागू पडतं, म्हणून इथे त्याला मार्क नाही. तुमच्याच आकड्यांतून पावलं काढा. पहिलं, मागे पडलेली कामं क्रिटिकल पाथवर आहेत का ते तपासणं. नसतील आणि त्यांचा फ्लोट, म्हणजे प्रकल्प न लांबवता मिळणारी सवड, शिल्लक असेल तर घाई करून पैसे घालवू नयेत. दुसरं, असतील तर आधी फास्ट ट्रॅकिंगचा विचार, उदाहरणार्थ एका टोकाचं छत झालं की तिथलं वायरिंग लगेच सुरू करणं. क्रॅशिंग म्हणजे जादा पाळी, जादा पैसा. खर्च आधीच वर गेलेला असताना ते नंतर. तिसरं, 20 लाखांतच बसवायचं झालं तर राहिलेलं 12 लाखांचं काम हातातल्या 11 लाखांत करावं लागेल, म्हणजे 12 भागिले 11, निर्देशांक 1.09 लागेल. आतापर्यंत 0.89 मिळालाय. हे शक्य दिसत नसेल तर मालकाकडे वेळेवर सुधारित बजेटची मागणी करणं हेच पाऊल. या तिसऱ्या मुद्द्यावर मी पेनाने बरोबरची खूण करून पुढे जातो, पुन्हा वाचत बसत नाही.

निष्कर्षाचा वेगळा परिच्छेद इथे नको. तो तिसऱ्या हेडिंगमध्ये येऊन गेलाय.

प्रश्न नुसता थिअरीचा असेल तर

पद्धत तीच, फक्त आकडेमोडीची जागा उदाहरण घेतं. "रिस्क मॅनेजमेंटची प्रक्रिया योग्य उदाहरणासह स्पष्ट करा" असं आलं तर पीएमबॉक गाइडच्या सहाव्या आवृत्तीत त्याच्या सात प्रक्रिया आहेत. सात हेडिंग, प्रत्येकाखाली चार सारख्याच ओळी, असं उत्तर मला गठ्ठ्यात वीस वेळा येतं आणि पाचव्यानंतर सगळी एकसारखी दिसायला लागतात. सात नावं एका ओघ-आकृतीत द्या, त्यातल्या ओळख, विश्लेषण आणि प्रतिसाद या तिघांवर सविस्तर लिहा, आणि शेवटी तीन ओळींचं रिस्क रजिस्टर काढा: धोका, शक्यता, परिणाम, प्रतिसाद, जबाबदार माणूस. धोके वरच्या शेडचेच घ्या, लोखंडाचा दर, पाऊस, वीजजोडणीला उशीर. प्रश्नात "उदाहरणासह" हा शब्द आहे, आणि तो वाचून विसरणारे बरेच असतात. तुमचं कॉलेज सातवी आवृत्ती शिकवत असेल तर तिथे मांडणी वेगळी आहे, प्रक्रियांऐवजी तत्त्वं आणि कामगिरीची क्षेत्रं. दोन्हींची खिचडी करू नका, वर्गात जी शिकवली तीच लिहा.

सात मार्कांच्या दोन टिपा असतील तर प्रत्येकी 16 मिनिटं, दोन पानं, एक व्याख्या, एक आकृती, एक उदाहरण. त्यात फार डोकं लावायची गरज नाही.

सराव सांगतो तो असा करा. आज रात्री वरचा शेडचा प्रश्न न बघता 32 मिनिटांत लिहा, मोबाइलवर टायमर लावून. उद्या बजेट 30 लाख, मुदत 12 महिने, सहाव्या महिन्याअखेर नियोजनात 60 टक्के, झालेलं काम 50 टक्के आणि खर्च 16 लाख असे आकडे घेऊन तोच प्रश्न पुन्हा लिहा. खर्चाचा निर्देशांक 0.94 आणि अंदाजित खर्च 32 लाख आला पाहिजे. दोन्ही उत्तरं एखाद्या मित्राला द्या, त्याला विषय येत नसला तरी चालेल, आणि फक्त हेडिंग वाचून प्रकल्पाचं काय चाललंय ते सांगायला लावा. त्याला सांगता आलं नाही तर हेडिंग बदला. आणि वरचं शेडचं उत्तर स्वतः तपासताना त्यात "बचत" हा शब्द कुठे आलाय का ते तेवढं शोधा. आला असेल तर त्या दिवशी पुढचा धडा घेऊ नका, भाष्याचा भाग पुन्हा लिहा.